लग्नपत्रिकेतला मायना : थोरामोठ्यांना आणि नातेवाइकांना काय लिहायचं?



लग्नसराई जवळ आली की गावातल्या शाळेत हमखास कोणीतरी येतं. हातात छापखान्यातून आलेला पत्रिकेचा कच्चा कागद असतो. "बाई, एवढं शुद्धलेखन बघून द्या" अशी विनंती असते. आपण बघायला घेतो तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाच मिनिटांत सापडतात. "जेष्ठ"चं "ज्येष्ठ" होतं, "आर्शिवाद"चं "आशीर्वाद" होतं, "सहकुटूंब"चं "सहकुटुंब" होतं. पण खरी अडचण दुसरीच असते. ती माणसं विचारतात, "आमच्या थोरल्या काकांना सप्रेम नमस्कार चालतो का हो? की साष्टांग लिहायला पाहिजे?" किंवा "आईच्या नावापुढं काय लावू? बाबा नाहीत."

हे प्रश्न शुद्धलेखनाचे नाहीत, नात्याचे आहेत. आपण वर्गात पत्रलेखन शिकवतो. त्यातलंच एक सूत्र इथं कामाला येतं. ते सूत्र कोणतं आणि पत्रिकेवर ते कसं लावायचं, ते या लेखात उदाहरण घेऊन बघूया.

पत्रात मायना का बदलतो?

आपल्याकडच्या जुन्या पत्रांत सुरुवातीच्या दोन-तीन शब्दांतच लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं नातं कळायचं. वडिलांना लिहिताना "तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.", म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडिलांच्या जागी असलेल्या काका-मामांना "तीर्थस्वरूप" आणि "सा. न. वि. वि.", म्हणजे साष्टांग नमस्कार. बरोबरीच्या माणसाला "स. न. वि. वि.", म्हणजे सप्रेम नमस्कार. धाकट्याला "चि." आणि "अनेक आशीर्वाद".

यातल्या "वि. वि."चा अर्थ मुलांना नेहमी सांगावा लागतो. नमस्कार झाला, आता जे विशेष सांगायचं आहे ती विनंती पुढे येते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून "वि. वि." नंतर मजकूर लगेच सुरू होतो.

आता पत्रिका बघा. पत्रिका हेही एक पत्रच आहे. फरक इतकाच की हे एकच पत्र चारशे घरी जातं. त्यात आजोबांचे भाऊ आहेत, बाबांचे ऑफिसातले मित्र आहेत, नुकतीच लग्न झालेली पुतणी आहे. छापलेला मायना तिघांनाही एकच असणार. तिथं "साष्टांग नमस्कार" छापला तर पुतणीला साष्टांग होतो. "अनेक आशीर्वाद" छापला तर थोरल्या काकांना आपण आशीर्वाद देतो. म्हणून पत्रिकेत मधला मार्ग रूढ झाला. छापायचं ते "सप्रेम नमस्कार वि. वि.", आणि नातं मात्र हातानं लिहायच्या ओळीत.

म्हणजे थोरल्या काकांना छापील "सप्रेम नमस्कार" गेला म्हणून अपमान होत नाही. तो सगळ्यांसाठी आहे. त्यांच्यासाठीची जागा वरची मोकळी ओळ आहे. ती ओळ नुसती "श्री. काका" अशी भरली किंवा रिकामीच सोडली, तर मात्र त्यांना लागतं. कारण त्यांना साष्टांग म्हणायची तेवढी एकच जागा होती आणि ती वाया गेली.

पत्रिका ज्याची, नातं त्याचं

आता ती हातानं लिहायची ओळ. बहुतेक घरांत हे काम तरुण मुलांकडे येतं. अक्षर चांगलं असतं, वेळ असतो. नवरीची धाकटी बहीण पाटावर बसून ढीगभर पत्रिकांवर नावं घालते. ती स्वतःच्या नात्यानं लिहिते. बाबांच्या काकांना ती "आजोबा" म्हणते, म्हणून "ती. आजोबांस" लिहिते. आईच्या भावाला "मामांस" लिहिते.

पण पत्रिकेच्या खाली निमंत्रक म्हणून नाव कोणाचं आहे? बाबांचं. मग "ती. आजोबा" लिहिल्यावर बाबा आपल्या काकांना आजोबा म्हणतात असं होतं. मामांच्या बाबतीत तर गंमतच होते. बाबांचा मेहुणा बाबांचाच मामा होऊन बसतो.

म्हणून सूत्र साधं आहे. पत्रिका ज्याच्या नावानं निघते, त्याच्या जागी उभं राहून नातं लिहायचं. लिहिणारा हात कोणाचाही असो. यादी करताना नावासमोर "बाबांचे कोण?" असा एक रकाना ठेवला की ही चूक होत नाही.

बाबा निमंत्रक असतील तर ओळी साधारण अशा होतील :

बाबांचे काका-काकू : ती. स्व. अण्णा व ती. स्व. सौ. काकूंस, सा. न. वि. वि.
बाबांची थोरली बहीण आणि तिचे यजमान : ती. सौ. ताई व श्री. भाऊजींस, सा. न. वि. वि.
बरोबरीचे मित्र : श्री. (नाव) व सौ. वहिनींस, स. न. वि. वि.
धाकटा चुलतभाऊ : चि. (नाव) व चि. सौ. (नाव) यांस, अनेक आशीर्वाद.

शेवटच्या ओळीतलं "चि." सांभाळून वापरा. ते चिरंजीव, म्हणजे मोठ्यानं धाकट्याला दिलेला आशीर्वाद आहे. निमंत्रकापेक्षा धाकटा, पण नात्यानं मानाचा असेल, तर "चि." लिहीत नाहीत. जावई वयानं कितीही लहान असला तरी त्याला "श्री."च. तसंच, आई निमंत्रक असेल तर तिच्या धाकट्या दिराला ती "भावजी" म्हणते आणि अहो-जाहो करते. तिथंही "चि." येत नाही. म्हणजे आपल्याकडे मान फक्त वयावर ठरत नाही, नात्यावरही ठरतो.

आजकाल बरीच आमंत्रणं फोनवर फोटो म्हणून जातात. त्यात हातानं लिहायची ओळच नसते. अशा वेळी फोटोच्या आधी तीच ओळ टाइप करून पाठवायची. "ती. अण्णा व काकूंस साष्टांग नमस्कार. पत्रिका पाठवत आहे. आपण यायचंच." एवढं पुरतं. नुसता फोटो आला की थोरांना ते सगळ्यांना एकदम पाठवल्यासारखं वाटतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

आशीर्वाद मागायचा कोणाकडे?

पत्रिकेचं शेवटचं वाक्य सहसा असं असतं : "तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही नम्र विनंती." थोरांसाठी हे अगदी योग्य. पण पत्रिका नवरीच्या मैत्रिणींनाही जाते, धाकट्या भावंडांनाही जाते. ती आशीर्वाद कशी देणार? म्हणून "शुभाशीर्वाद व शुभेच्छा" असे दोन्ही शब्द घ्यावेत. थोरांनी आशीर्वाद द्यावा, धाकट्यांनी शुभेच्छा.

इथं क्रियापद बदलतं, ते मुलांना दाखवण्यासारखं आहे. "शुभाशीर्वाद द्यावेत", पण "शुभाशीर्वाद व शुभेच्छा द्याव्यात". क्रियापद जवळच्या नामाप्रमाणे चालतं आणि शुभेच्छा स्त्रीलिंगी आहे. छापखान्यात जुना मजकूर उघडून मध्ये एक शब्द घुसडला की हे क्रियापद तसंच राहून जातं.

"सहकुटुंब सहपरिवार" हे दोन शब्द एकाच अर्थाचे वाटतात. पण जुन्या मराठी बोलण्यात "कुटुंब" म्हणजे बायको. "आमचं कुटुंब माहेरी गेलंय" असं गडीमाणसं म्हणायची. तेव्हा सहकुटुंब म्हणजे पत्नीसह आणि सहपरिवार म्हणजे घरातल्या बाकी सगळ्यांसह. आज दोन्हींचा अर्थ घरच्यांसह असाच घेतात, त्यामुळे एकच शब्द ठेवला तरी चालतं.

नावापुढचे शब्द : इथं जपून

पत्रिकेत सर्वांत जास्त दुखावलं जातं ते नावापुढच्या दोन अक्षरांमुळे. वर, म्हणजे नवरदेवाच्या नावापुढे "चि." आणि वधूच्या नावापुढे "चि. सौ. कां.", म्हणजे चिरंजीवी सौभाग्यकांक्षिणी, हे ठरलेलं आहे. विवाहित पुरुषाला "श्री.", नवरा असलेल्या स्त्रीला "सौ.", गेलेल्या माणसाला "कै." किंवा "स्व.". नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रीला "कै. सौ." लिहायची पद्धत आहे.

गेलेल्या माणसाच्या बाबतीत एक साधी गोष्ट विसरली जाते. "कै." असलेलं नाव निमंत्रकांच्या यादीत येऊ शकत नाही, कारण तो माणूस आता कोणाला बोलावू शकत नाही. त्याचं नाव "कै. ... यांची नात" किंवा "कै. ... यांच्या आशीर्वादाने" असं यावं.

अवघड जागा म्हणजे नवरा गेलेली स्त्री. जुन्या पत्रिकांत तिच्या नावापुढे "गं. भा." असायचं, म्हणजे गंगा भागीरथी. शब्दाचा अर्थ पवित्र असला तरी वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट कळते : हिचा नवरा नाही. "श्रीमती"चंही तसंच झालं. मूळ शब्द "श्रीमान"चं स्त्रीलिंगी रूप. शासकीय कागदपत्रांत तो कोणत्याही बाईच्या नावापुढे लिहितात. आपल्या हजेरीपत्रकावर बघा, सगळ्या बाई "श्रीमती"च असतात. पण लग्नपत्रिकेत पाच "सौ." आणि एक "श्रीमती" असं आलं की ती एक बाई वेगळी पडते.

हा विषय आता घराबाहेरही बोलला जातो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावापुढे "गं. भा." लिहावं अशी सूचना राज्यात चर्चेला आली, तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. म्हणजे दोन अक्षरांचा प्रश्न किरकोळ नाही.

यावर दोन मार्ग आहेत. एक, पत्रिकेतल्या सगळ्या विवाहित स्त्रियांना "श्रीमती" लिहायचं. दुसरा, निमंत्रकांच्या यादीत कोणाच्याच नावापुढे काही लिहायचं नाही, पुरुषांच्याही नाही. पहिल्या मार्गात घरातली एखादी काकू हमखास म्हणते, "माझे यजमान चांगले धडधाकट आहेत, मला श्रीमती कशाला?" तिची भावनाही खोटी नाही, कारण तिनं आयुष्यभर तो शब्द तशाच अर्थानं वाचला आहे. त्यामुळे गावाकडे दुसरा मार्ग सोपा पडतो. मात्र कोणताही मार्ग घेतला तरी ज्या बाईचा प्रश्न आहे, तिला आधी विचारायचं. एखाद्या आजीला "गं. भा."च हवं असतं, आणि तो तिचा अधिकार आहे.

एक पत्रिका दुरुस्त करून बघूया

समजा, मीराचं लग्न आहे. वडील विजय हयात नाहीत. आई सुनीता नोकरी करून घर चालवते. काका प्रकाश, काकू अलका आणि आजी लक्ष्मीबाई आहेत. आजोबा गेलेले आहेत. नवरदेवाचं नाव रोहन. छापखान्यातून आलेला पहिला मजकूर असा आहे :

"सप्रेम नमस्कार वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून आमची पुतणी चि. सौ. कां. मीरा (कै. विजय व गं. भा. सुनीता यांची जेष्ठ कन्या) व चि. रोहन यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभआर्शिवाद द्यावे.
निमंत्रक : श्री. प्रकाश व सौ. अलका"

यात बोलतंय कोण? काका. त्यांनी जबाबदारी घेतली, हे चांगलंच आहे. पण जिनं मुलीला वाढवलं ती आई कंसात गेली. ती कोणाला बोलावत नाही, तिच्याबद्दल फक्त माहिती दिली आहे. आणि आजी तर कुठंच नाही.

बरेच लोक म्हणतात, "पद्धतच तशी आहे, बाई एकटी निमंत्रक कशी होईल?" पण पत्राच्या नियमात याला काही अडचण नाही. आईचं नाव वर आणलं की फक्त नाती आणि क्रियापदं बदलतात. बदललेला मजकूर असा :

"सप्रेम नमस्कार वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून माझी व कै. विजय यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. मीरा (लक्ष्मीबाई यांची नात) व चि. रोहन यांचा शुभविवाह करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद व शुभेच्छा द्याव्यात, ही नम्र विनंती.
आपली विनीत : सुनीता
स्वागतोत्सुक : प्रकाश व अलका, आणि समस्त परिवार"

आता एकेक बदल बघा. काका बोलत होते तेव्हा मीरा "पुतणी" होती, आता ती "माझी कन्या" झाली. वडिलांचं नाव मानानं राहिलं, पण निमंत्रकात आलं नाही. सही करणारी एकटी स्त्री आहे म्हणून "आपले विनीत"चं "आपली विनीत" झालं. आईबरोबर काकांचंही नाव तिथंच घातलं असतं, तर पुन्हा "आपले विनीत" करावं लागलं असतं. सुनीता, अलका आणि लक्ष्मीबाई या तिघींच्या नावापुढे काहीच नाही, त्यामुळे कोणी वेगळी पडली नाही. काका-काकू स्वागताला आहेत, म्हणजे त्यांचा मानही गेला नाही. असा बदल करताना काकांशी आधी बोलून घ्यावं, नाहीतर आपलं नाव खाली ढकललं असं त्यांना वाटेल.

पत्रिका आता आईची झाली, म्हणून हातानं लिहायच्या ओळीही आईच्या नात्यानं येतील. तिच्या सासऱ्यांचे भाऊ मीराचे आजोबा असले तरी पत्रिकेवर "ती. स्व. अण्णांस, सा. न. वि. वि." असंच लिहायचं. आईच्या सख्ख्या भावाला मीरा "मामा" म्हणते. तो थोरला असेल तर "ती. दादा व ती. सौ. वहिनींस", धाकटा असेल तर "चि." आणि "अनेक आशीर्वाद".

किलबिल

पत्रिकेच्या तळाशी लहान मुलांची ओळ असते, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" आणि खाली मुलांची नावं. इथंही तेच सूत्र. या ओळीत बोलतात ती मुलं. मीराच्या चुलत-मामेभावंडांसाठी ती "ताई" आहे. पण तिच्या मोठ्या चुलतबहिणीची मुलंही त्याच यादीत असतील तर त्यांच्यासाठी ती "मावशी" आहे. मग दोन छोट्या ओळी कराव्यात, किंवा "आमच्या ताईच्या, आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!" असं लिहावं.

चौथी-पाचवीच्या वर्गात पत्रलेखनाच्या तासाला हा चांगला उपक्रम होतो. मुलांना घरातली एक जुनी पत्रिका आणायला सांगा. आधी फक्त एकच प्रश्न विचारा : "यात बोलतंय कोण?" मग निमंत्रक बदला. बाबांच्या जागी आजी घाला आणि पूर्ण मजकूर पुन्हा लिहायला लावा. कन्या "नात" होते, पुतण्या "नातू" होतो, काका "दीर" होतात. नात्यांची नावं, लिंग-वचन आणि क्रियापदाची रूपं, तिन्हींचा सराव एकाच कागदावर होतो.

आणि पालकहो, छापखान्यात जाण्यापूर्वी मजकूर घरात मोठ्यानं वाचा. निमंत्रकानं स्वतः वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. वाचताना ज्या नात्याशी जीभ अडेल, तिथं दुरुस्ती हवी आहे असं समजा.